अर्जातला शाफ्ट

पुणे,
दि. ७ जुलै

प्रिय निलेश,
सप्रेम नमस्कार.

तुझा अर्जाचा कच्चा खर्डा वाचला. शिरोलीच्या मशीन शॉपमध्ये ड्राफ्ट्समन हवा आहे आणि तुझ्या पत्रात ‘मेहनती’, ‘शिकण्याची आवड’, ‘ऑटोकॅडचे उत्तम ज्ञान’ असे शब्द आहेत. ते सगळे काढ. तिथे अर्ज वाचणारा माणूस बहुधा डिझाइनचा प्रमुख असेल. तो आधी तुझं ड्रॉइंग उघडेल आणि मग पत्र वाचेल, तेव्हा पत्राने त्याला त्या ड्रॉइंगमध्ये काय पाहायचं ते सांगायला हवं.

नमुने म्हणून तू नकल जॉइंट, कॉटर जॉइंट आणि स्क्रू जॅक जोडलेस. डिप्लोमाच्या प्रत्येक मुलाकडे हीच तीन शीटं असतात, पुस्तकातली मापं जशीच्या तशी. त्याऐवजी एकच जोडणी नीट कर: 6205 बेअरिंगवर बसणारा शाफ्ट आणि त्याचं हाउसिंग. बेअरिंगची मापं ठरलेली आहेत, आतला व्यास २५, बाहेरचा ५२, रुंदी १५ मिमी. त्यामुळे तपासणाऱ्याला तुझं प्रत्येक माप पडताळता येतं.

शाफ्टवर बेअरिंगच्या जागी `Ø25 k6` लिही, म्हणजे +०.०१५ ते +०.००२. हाउसिंगला `Ø52 H7`, म्हणजे +०.०३० ते ०. नुसतं २५ लिहिलंस तर टर्नर जनरल टॉलरन्सवर काम करेल आणि बेअरिंग एकतर सैल बसेल, नाहीतर ठोकून बसवावं लागेल. त्याहून जास्त चुकते ती खांद्याजवळची त्रिज्या. 6205 च्या कोपऱ्याची त्रिज्या कमीत कमी १ मिमी धरलेली असते. शाफ्टवर तू R1.5 दिलीस तर बेअरिंग खांद्याला टेकणारच नाही, त्रिज्येवरच चढून बसेल. R0.6 दे. हे एक माप बरोबर असलं की समोरच्याला कळतं की मुलाने बेअरिंग बसवण्याचा विचार केलाय.

कपलिंगच्या टोकाला व्यास २० ठेव आणि त्यावर ६×६ ची की. शाफ्टमध्ये खोली ३.५ येते, पण ड्रॉइंगवर खाचेच्या तळापासून समोरच्या बाजूपर्यंतचं माप दे: १६.५. व्हर्निअरने तेच सहज मोजता येतं.

आता फाइल. मॉडेल स्पेसमध्ये सगळं १:१ काढ आणि स्केल लेआउटमधल्या व्ह्यूपोर्टला लाव. माप जमत नाही म्हणून डायमेन्शनवर हाताने आकडा टाइप करू नकोस. `.dwg` उघडून आकड्यावर डबल क्लिक केलं की ते लगेच उघडं पडतं, आणि मग बाकीच्या मापांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. फर्स्ट अँगलचं चिन्ह, मटेरियल, स्केल, तारीख हे टायटल ब्लॉकमध्ये भरलेलं असू दे. पीडीएफ ए३ वर काढ, आणि ‘Fit to paper’ ची खूण काढून १:१ निवड. ए४ वर बसवून छापलं तर तुझा २५ चा शाफ्ट कागदावर जेमतेम १७.७ भरतो आणि शेजारी टायटल ब्लॉकमध्ये स्केल १:१ लिहिलेलं असतं. पाठवण्याआधी प्रिंट काढून पट्टी लाव. शेवटी `PURGE` आणि `AUDIT` चालव आणि फाइलला `SHAFT-01_R0` असं नाव दे, `final_new2` नको. ट्रेनिंगच्या कंपनीतलं ड्रॉइंग मात्र कितीही चांगलं असलं तरी जोडू नकोस. ते त्यांचं आहे, आणि नवा मालक हाच विचार करेल की उद्या आमचंही असंच बाहेर जाईल.

पत्राचा मधला परिच्छेद साधारण असा होऊ दे (इंग्रजीत पाठवायचं असेल तरी हेच मुद्दे):

“सोबत 6205 बेअरिंगसाठीचा शाफ्ट आणि हाउसिंग यांची दोन ए३ शीटं व एक असेंब्ली शीट जोडली आहे. फिट, खांद्याची त्रिज्या व की-वेची मापं स्वतः ठरवली आहेत. पार्ट व असेंब्ली सॉलिडवर्क्समध्ये, डिटेल ड्रॉइंग ऑटोकॅडमध्ये केले आहे. लेयर, ब्लॉक, लेआउट आणि बिल ऑफ मटेरियल यांवर काम करता येते. शीट मेटल व सरफेसिंग अजून केलेले नाही.”

शेवटचं वाक्य गाळू नकोस. चाचणीला बसवलं तर पहिल्या दहा मिनिटांत ते कळतंच, आणि आधी सांगितलेलं असलं की ते तुला तुझ्याच कामावर तपासतात. सॉफ्टवेअरच्या नावापुढे ‘८० टक्के’ च्या पट्ट्या काढू नकोस. त्यावरून तुला काय येतं ते कुणालाच समजत नाही.

आणखी एक: शाफ्टची त्या बेअरिंगच्या जागेची फिनिश `Ra 0.8` दे, पण बाकी सगळीकडे तीच लावू नकोस. अकारण ग्राइंडिंग वाढतं, आणि जॉबचा दर काढणारा माणूस ते पहिल्यांदा पकडतो.

पीडीएफ तयार झाली की आधी मला पाठव. खांदा आणि टायटल ब्लॉक मी बघतो, मग मेल कर. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मंदार