फुगलेल्या दाराला चुकीच्या जागी मारलेला रंधा

प्रति,
व्यवस्थापक, सेवा विभाग

विषय : सागवानी पॅनेल दाराची सदोष दुरुस्ती

महोदय,

आपल्या कंपनीने मे महिन्यात सोलापुरातील आमच्या घरी बसवलेले मुख्य दार सप्टेंबरच्या पावसात चौकटीला घासू लागले. तक्रार केल्यावर आपला सुतार आला, कुलपाच्या बाजूचा वरचा दीड फूट भाग 4 मिमी रंधून गेला. दार आता लागते, पण मूळ दोष तसाच आहे.

दार बसवताना दोन्ही बाजूंना 3-3 मिमी फट होती. सुतार येण्यापूर्वी दार लावून मोजले तेव्हा बिजागरीच्या बाजूला वर 4 आणि खाली 2 मिमी, तर कुलपाच्या बाजूला वर शून्य आणि खाली 2 मिमी फट होती. म्हणजे वर-खाली दोन्हीकडे बेरीज 4 मिमी. दार 2 मिमी फुगले, हे मान्य. लाकूड आडवे फुगतेच, आणि सोलापूरच्या कडक उन्हाळ्यात बसवलेले दार पावसाळ्यात फुगणारच. पण नुसते फुगले असते तर वरपासून खालपर्यंत बिजागरीच्या बाजूला 3 आणि कुलपाच्या बाजूला 1 मिमी फट उरली असती आणि दार घासलेच नसते. वरचा कोपरा घासला, कारण दार वरच्या बिजागरीतून पुढे झुकले आहे. मूठ धरून दार उचलून पाहावे, वरची बिजागरी डोळ्यांदेखत हलते. तिचे चौकटीतले स्क्रू जेमतेम पाऊण इंची आहेत. एवढ्या जड दाराला ते कसे पेलणार?

आधी बिजागरी, मग लागलाच तर रंधा, हा क्रम कोणताही जुना सुतार सांगेल. ढिल्या भोकांत गोंद लावून सागवानी खुंट्या ठोकायच्या, गोंद वाळू द्यायचा आणि नव्याने भोके पाडून दोन इंची स्क्रू बसवायचे. एवढ्याने वरचा कोपरा मोकळा झाला असता. आता मात्र बिजागरी जागेवर आणली की कुलपाच्या बाजूला वर 5 मिमी फट पडेल, आणि दार सुकल्यावर ती 7 मिमी होईल.

शिवाय रंधलेली कड कोरीच सोडली आहे. दाराची खालची कडही पहिल्यापासून कोरी आहे. उंबऱ्याशी आरसा धरला की दिसते. पाणी तिथूनच शिरते.

माझी मागणी अशी :

वरच्या बिजागरीचे काम आठ दिवसांत करावे. रंधलेल्या जागी सागवानी पट्टी चिकटवणे आणि चारही कडांना सीलर व पॉलिश देणे ही कामे मात्र डिसेंबरनंतर, दार पूर्ण सुकल्यावर करावीत. आत्ता सीलर मारला तर ओल आतच कोंडेल. पट्टीचा सांधा दर्शनी बाजूने दिसणार असेल तर दार बदलून द्यावे.

सर्व काम विनामूल्य व्हावे. मापांची छायाचित्रे आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

कळावे,
आपला ग्राहक
सोलापूर