मंत्रिमहोदय, एक आकडा नको, सहा द्या

प्रति,
माननीय जहाजवाहतूक मंत्री

महोदय, सविनय नमस्कार.

गेल्या वर्षी आपल्या मंत्रालयाने आम्हाला लेखी कळवले होते की, सागरी हवामानपत्रकात यापुढे लाटांच्या प्रत्येक रांगेची उंची, कालावधी आणि दिशा वेगवेगळी दिली जाईल. गेल्या आठवड्यात त्याच विषयावर दुसरा कागद आला : 'राक्षसी लाट ही दैवी आपत्ती असून तिचा पूर्वअंदाज शक्य नसल्याने प्रस्ताव निकाली काढण्यात येत आहे.' निकाली! समुद्राला ही टिपणी दाखवली असती तर तोही ओशाळला असता.

ज्याने हे वाक्य लिहिले त्याने अर्धे खरे लिहिले आहे. अमुक जागी, अमुक मिनिटाला अशी लाट उठेल, असे कोणीच सांगू शकत नाही आणि आम्हीही ते मागितलेले नाही. पण अशा लाटा उठायला पोषक समुद्र कुठे आणि कधी असेल, हे सांगता येते. पाऊस कोणत्या छपरावर पडेल ते माहीत नसते, म्हणून कोणी ढग मोजायचे सोडत नाही.

लाटा एकत्र येतात कशा, ते आपल्या टिपणीकाराने एकदा कागदावर मांडून पाहावे. खोल समुद्रात लाटेचा वेग तिच्या कालावधीवर ठरतो. एक माथा गेल्यावर दुसरा यायला जितके सेकंद लागतात त्यांना 1.56 ने गुणा, की माथ्याचा वेग मीटर प्रतिसेकंदात मिळतो. लाटांचा तांडा मात्र याच्या निम्म्याच वेगाने पुढे सरकतो. एका वादळातून 10 सेकंदांच्या लाटांचा तांडा निघाला. तो सेकंदाला 7.8 मीटर चालला आहे. सहा तासांनी वारा वाढला आणि 14 सेकंदांच्या लाटांचा तांडा त्याच वाटेने निघाला, सेकंदाला 10.9 मीटरने. पहिला तोवर 168 किलोमीटर पुढे गेलेला. मागचा त्याला पंधरा तासांनी गाठतो, वादळापासून साधारण 590 किलोमीटरवर. तिथे वारा मंदावलेला असेल, आकाशही कदाचित निवळलेले असेल. दोन्ही तांड्यांचे माथे एकावर एक पडले की काही सेकंदांपुरता पाण्याचा एक डोंगर उभा राहतो, आणि त्याच्या पुढे तितकाच खोल खळगा. मग ते आपापल्या वाटेने निघून जातात. खऱ्या समुद्रात तांडे दोन नसतात, असंख्य असतात. पण हिशेब हाच.

हा हिशेब किती वेळा जुळतो? समुद्राचा खवळलेपणा 'सिग्निफिकंट हाइट'ने मोजतात, म्हणजे सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. तिच्या दुपटीहून उंच लाटेला राक्षसी म्हणायचे, असा ढोबळ संकेत आहे. निव्वळ योगायोगाच्या गणिताने अशी लाट तीन हजारांत एक येते. चोख आकडा 2,981 आहे. 12 सेकंदांच्या लाटा असतील तर तीन हजार लाटा दहा तासांत होतात. वादळ दोन दिवस टिकते. दैवी आपत्तीचे वेळापत्रक फारच नियमित दिसते, महोदय.

पण आमचे खरे भांडण पुढेच आहे.

1 जानेवारी 1995 रोजी उत्तर समुद्रातल्या नॉर्वेच्या ड्राउप्नर या तेलमंचावर खाली रोखलेल्या लेसरने एक लाट मोजली. खळग्यापासून माथ्यापर्यंत 25.6 मीटर, शांत पातळीच्या वर 18.5 मीटर. त्या वेळची सिग्निफिकंट हाइट साधारण 12 मीटर होती. पुढे अभ्यासकांना त्याच नोंदीत एक खोड सापडली. एकाच दिशेच्या लाटांचा मोठा तांडा जातो, तेव्हा त्याच्याखाली पाण्याची सरासरी पातळी किंचित दबते. इथे ती उचलली गेली होती. दोन तांडे एकमेकांना मोठ्या कोनात छेदत असले तरच असे होते. मग एडिनबरोच्या गोल लाट-टाकीत ही लाट छोट्या प्रमाणात पुन्हा घडवली गेली. एकाच दिशेने लाटा सोडल्या की तेवढी उंची गाठण्याआधीच माथा पुढे कलंडून फुटायचा. 120 अंशांनी छेदणाऱ्या दोन रांगा सोडल्या तेव्हा ती उभी राहिली.

कारण समजायला सोपे आहे. एकाच दिशेने जाणाऱ्या लाटेत माथ्यावरचे पाणी पुढे धावते. ते लाटेपेक्षा वेगात गेले की लाट फुटते आणि उंचीला तिथेच लगाम बसतो. समोरासमोर येणाऱ्या रांगांमध्ये पाण्याची आडवी धाव एकमेकींना बरीचशी खाऊन टाकते आणि पाणी सरळ वर उसळते. फुटते तेही वरच्या दिशेने. एकेरी समुद्रात लाटेला जो लगाम असतो, तो छेदणाऱ्या समुद्रात सैल पडतो.

आता आपले हवामानपत्रक पाहू. समजा, एक रांग होकायंत्राच्या 330 अंशांवरून येते आहे, 6 मीटर उंच, 12 सेकंदांची. दुसरी 210 अंशांवरून, तीही 6 मीटर, 12 सेकंद. उंचींच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ घेतात, म्हणून पत्रकात छापले जाते 8.5 मीटर. दिशा म्हणून ऊर्जेनुसार सरासरी काढली जाते आणि ती येते 270 अंश. महोदय, 270 अंशांवरून एकही लाट येत नाही! कप्तानाने पत्रकावर विश्वास ठेवून जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक, 270 ला धरली, तर एक रांग उजवीकडून 60 अंशांवर येते, दुसरी डावीकडून 60 अंशांवर, आणि दोन्हींचे माथे जिथे भेटतात तो त्रिकोण नेमका त्याच्या नाळेसमोर असतो. दोन नद्यांच्या मधोमध घर दाखवणारा नकाशा कोणी छापला असता तर त्याची चौकशी लागली असती. इथे ती 'सरासरी' म्हणून खपते.

सहा आकडे हातात असते तर कप्तानाने काय केले असते? नाळ 330 ला धरली तरी दुसरी रांग डाव्या कुशीच्या मागून चढते, म्हणजे वळून सुटका नाही, हे त्याला आधीच दिसले असते. मग तो छेदणाऱ्या पट्ट्याला वळसा घालतो, किंवा तो पट्टा सरकेपर्यंत वेग उतरवून मागे थांबतो, पुढच्या डेकवर माणूस जाऊ देत नाही, पुढची झाकणे आणि वायुनळ्या पुन्हा तपासतो. एवढीच हत्यारे आहेत आणि ती सगळी काही तास आधी उचलावी लागतात. ब्रिजवरून, म्हणजे जहाज हाकण्याच्या खोलीतून, छेदणारा समुद्र ओळखता येतो, कारण लांब सलग माथ्यांच्या जागी पिरॅमिडसारखी टोके उठताना दिसतात. पण ती दिसतात तेव्हा आपण त्यातच असतो. रात्री तर तेही नाही.

'एवढ्या मोठ्या जहाजाला काय होणार?' हा प्रश्न आपल्याच कार्यालयात विचारला गेला, म्हणून सांगतो. 12 सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे 225 मीटर. लहान बोट तिच्यावर चढते आणि उतरते. 250-300 मीटरचे जहाज तिच्यावर मावतच नाही. मधोमध माथा आला की दोन्ही टोके लोंबतात, टोकांना माथे आले की पोट लोंबते. राक्षसी लाट उभी आणि तिच्यापुढचा खळगा खोल. लाखभर टनांच्या जहाजाची नाळ त्यात कोसळते आणि वर यायला तिला जो वेळ हवा, तेवढ्यात पुढची भिंत डेकवर येते. फुटणारे पाणी लाटेच्याच वेगाने, सेकंदाला 18-19 मीटरने, उभ्या पृष्ठभागावर आदळले तर दाब येतो दर चौरस मीटरला 18 टन. ब्रिजच्या काचा, वायुनळ्या, डेकवरची यंत्रे या माऱ्यासाठी बांधलेली नसतात. काच फुटली की पाणी आधी विजेच्या पॅनेलमध्ये शिरते. सुकाणू आणि इंजिन गेले की जहाज स्वतःहून लाटेला कूस देते.

डिसेंबर 1978 मध्ये म्युन्शेन हे 261 मीटरचे जर्मन जहाज अटलांटिकमध्ये सगळ्या माणसांसह नाहीसे झाले. हाती लागलेल्या वस्तूंत एक जीवरक्षक होडी होती. ती पाण्यापासून सुमारे 20 मीटर उंच टांगलेली असायची आणि तिला धरणाऱ्या लोखंडी खिळी पुढून मागे वाकलेल्या होत्या. 20 मीटर उंचीवर, पुढून काहीतरी आदळले होते.

आणि डर्बीशायर हे ब्रिटिश जहाज. 294 मीटर, लोहखनिजाने भरलेले, सप्टेंबर 1980 मध्ये जपानच्या दक्षिणेला वादळात 44 माणसांसह बुडाले. एकाच राक्षसी लाटेने बुडवले, असे चौकशी म्हणत नाही. म्हणते ते जास्त लाजिरवाणे आहे. नाळेवरच्या वायुनळ्या तुटल्या, पुढच्या कोठारात पाणी साचत गेले, नाळ खाली बसली आणि मग मालाच्या पहिल्या खणाचे झाकण पाण्याच्या भाराखाली आत गेले. 1966 च्या नियमांत अशा झाकणावरचा भार धरला होता दर चौरस मीटरला 1.75 टन. पोलादात राखीव ताकद असते, हे मान्य. पण डेकवर पाच मीटर पाणी उभे राहिले की भार पाच टनांवर जातो, आणि डेक एकदा खाली बसला की पाच मीटर काही फार नाहीत.

पुढची कथा आपल्या खात्याला ओळखीची वाटेल. जहाजाचे अवशेष 1994 मध्ये सापडले. तरी तज्ज्ञांच्या अहवालाने ठपका ठेवला खलाशांवर, कोठाराचे झाकण नीट बंद केले नाही म्हणून. तो पुसला गेला 2000 साली, नव्या चौकशीत. झाकणांचे वाढीव नियम लागू झाले 1 जानेवारी 2005 रोजी, बुडाल्यानंतर चोवीस वर्षांनी. मेलेला माणूस खुलासा देत नाही, म्हणून फाइल त्याच्या नावावर बंद होते. आणि अगदीच नाइलाज झाला तर देव आहेच.

सहा आकड्यांना खर्च किती, असेही विचारले गेले. लाटांच्या मॉडेलमध्ये प्रत्येक दिशेची आणि प्रत्येक कालावधीची ऊर्जा आधीच मोजलेली असते. तिचे गठ्ठे वेगळे करण्याची पद्धत रूढ आहे. आपले पत्रक ते सगळे मोजून झाल्यावर मिसळून टाकते. आम्ही न मिसळण्याची विनंती करत आहोत. पत्रकात खालील ओळ छापावी, एवढेच :

रांग 1 : 6 मी., 12 से., 330°. रांग 2 : 6 मी., 12 से., 210°.

आपले,
ब्रिजवर पहारा देणारे काही जहाज-अधिकारी