वाचन टोकाचे, तापमान वायूचे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र मिळाले. डक्टमधल्या गरम वायूचे तापमान थर्मोकपल 600 अंश सेल्सिअस दाखवते, पण इंधन आणि हवेच्या हिशेबाने ते दीडशे अंशांनी तरी जास्त निघते, असे तू लिहितोस. कॅलिब्रेशन नुकतेच झाले असेल, तर मला थर्मोकपलमध्ये दोष दिसत नाही. ते अचूकच सांगते आहे, पण स्वतःच्या टोकाचे तापमान.

टोकाला वायूकडून अभिसरणाने उष्णता मिळते आणि प्रारणाने ती भोवतालच्या थंड भिंतींकडे जाते. ही आवक-जावक जिथे जुळते तिथे वाचन स्थिरावते. त्यामुळे आकडा हलत नाही, एवढ्यावरून तो वायूचा ठरत नाही. हिशेब असा:

```
Tg = Tt + εσ(Tt⁴ − Tw⁴)/h
```

Tg वायूचे, Tt टोकाचे आणि Tw भिंतीचे तापमान, तिन्ही केल्विनमध्येच घ्यायची. तुझे वाचन 873 केल्विन. भिंत 400 अंश सेल्सिअस, म्हणजे 673 केल्विन धरू. काळवंडलेल्या आवरणाची उत्सर्जकता ε 0.8, आणि 6 मिलिमीटर जाडीच्या आवरणावरून सेकंदाला सुमारे 7 मीटर वेगाने जाणाऱ्या वायूसाठी अभिसरणाचा गुणांक h साधारण 100 वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन. σ म्हणजे 5.67×10⁻⁸. प्रारणाने जाणारी उष्णता चौरस मीटरला सुमारे 17,000 वॅट येते. तिला 100 ने भागले की 170 अंश. म्हणजे वायू 770 अंशांच्या आसपास आहे आणि तुझा हिशेब बराचसा खरा आहे.

मात्र या 170 वर फार विसंबू नकोस. h चा अंदाज वीस टक्के इकडेतिकडे झाला, तर दुरुस्ती 142 पासून 213 पर्यंत कुठेही जाते, आणि h चा अंदाज इतका चुकणे अगदी सहज घडते. म्हणून मोठी चूक गणिताने भरून काढण्यापेक्षा आधी ती लहान करावी, असे माझे मत आहे. टोकाभोवती दोन्ही बाजू उघड्या असलेली एक पातळ नळी बसव. वायू तिच्या आतून-बाहेरून वाहतो, ती भिंतीपेक्षा बरीच तापते आणि टोकासमोर भिंतीऐवजी तीच येते. वरचेच आकडे नळीलाही लावले, तर ती सुमारे 650 अंशांवर राहते, वाचन 700 च्या जवळ जाते आणि चूक 70 अंशांवर येते.

निदान पक्के करायचे असेल, तर त्याच नळीतून पंपाने वायू ओढ आणि ओढ वाढवत जा. वाचन चढू लागले, तर चूक प्रारणाची आहे असे समज. ओढ वाढवूनही ते चढायचे थांबले, की ते वायूच्या खऱ्या तापमानाच्या अगदी जवळ आले. पंख्याचा वेग वाढवून ही परीक्षा करू नकोस. त्याने हवा-इंधनाचे प्रमाण बिघडून वायूच थंड होईल.

आणखी एक: भिंतीचे तापमान बाहेरच्या पत्र्यावर मोजले असशील, तर ते या सूत्रात घालू नकोस. आत अस्तर असेल, तर वायूकडचा पृष्ठभाग पत्र्याहून कितीतरी गरम असतो आणि दुरुस्ती उगीच फुगते. तो पृष्ठभाग मोजून आकडे कळव, म्हणजे दुरुस्ती पुन्हा काढू.

तुझा,
माधव