विषय: अपुऱ्या रकमेवर पूर्ण बिल मिटवणारा तुमचा मॅचिंग रूल

प्रति, व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या माणसाशी पाचव्यांदा बोलून फोन ठेवला आणि लिहायला बसलो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधलं बँक स्टेटमेंट इम्पोर्ट म्हणजे काय हे तुम्हाला समजावत नाही, ते तुम्हीच विकता.

आमचं रत्नागिरीला आंब्याचं कॅनिंग आहे, जोडीला कोकम आगळ. कोल्हापूरच्या एका पार्टीचं आमरसाच्या डब्यांचं बिल होतं १,८४,५०० रुपयांचं. त्याने १,८०,००० एनईएफटी केले आणि सांगितलं, काही डबे फुगलेत, ते बदलून द्या, मग उरलेले ४,५०० देतो. रास्त बोलणं. बिल ४,५०० बाकीने उघडं राहायला हवं होतं. आलेली रक्कम बिलाशी जुळवणाऱ्या तुमच्या रूलमध्ये टॉलरन्स, म्हणजे चालवून घ्यायचा फरक, अडीच टक्के. या बिलावर तो होतो ४,६१२ रुपये ५० पैसे. फरक त्यात बसला, म्हणून सिस्टीमने बिल पूर्ण भरलं असं धरलं आणि ४,५०० रुपये राउंड ऑफ खात्यात टाकून दिले. कोणाला विचारलं नाही, सांगितलंही नाही.

हे अडीच टक्के तुमच्याच माणसाने इन्स्टॉलेशनच्या वेळी भरले, 'बँक चार्जेस कापले जातात ना, म्हणून.' आलेल्या एनईएफटीवर घेणाऱ्याकडून चार्ज कापत नाहीत, हे आमच्या शिपायालाही माहीत आहे. कापलेच असते तरी अठरा-वीस रुपये, साडेचार हजार नव्हे. टॉलरन्स रुपयांत द्यावा म्हटलं, तर त्या रकान्यात टक्क्यांशिवाय काही घेतच नाही.

आता पुढचं. आम्ही डबे बदलून दिले, पार्टीने ४,५०० पाठवले. त्यांचं बिल तर तुम्ही बंद केलेलं! मग रूलने काय केलं? सांगलीच्या एका दुकानदाराचं आगळाचं बिल नेमकं ४,५०० रुपयांचं उघडं होतं, त्याला हे पैसे चिकटवले. कारण तुमच्या क्रमात रक्कम आधी, पार्टीचं नाव नंतर. बँकेच्या फाईलमध्ये यूटीआर नंबरचा वेगळा कॉलम असतो, तो तुमचं टेम्प्लेट वाचतच नाही. नॅरेशनही अर्ध्यात कापतं, त्यामुळे पाठवणाऱ्याचं नाव पुरतं दिसत नाही.

हे कळलं कसं? सांगलीच्याच दुकानदाराचा फोन आला, 'तुमचे साडेचार हजार द्यायचेत ना, कुठल्या खात्यात टाकू?' आमच्या मुलीने स्क्रीन बघून सांगितलं, 'काका, तुमचं काही बाकी नाही.' तो म्हणाला, 'बघा नीट, मी दिलेले नाहीत.' प्रामाणिक माणूस भेटला म्हणून बरं. तुमचं सॉफ्टवेअर त्याच्याइतकं प्रामाणिक असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

तोवर बँक रिकन्सिलेशन मात्र पैशापर्यंत जुळत होतं! जुळणारच, बँकेत पैसे आलेलेच आहेत. चूक बसलीय उधारीच्या यादीत, आणि ती यादी तुमच्या हिरव्या टिकखाली झाकली जाते. राउंड ऑफ खातं उघडलं तेव्हा उलगडा झाला. जिथे वर्षाला पाच-पन्नास रुपये असायचे, तिथे ३८,२६० रुपये जमले होते.

आता आजचा फोन. पंचवीस मिनिटं होल्डवरची पेटी ऐकवल्यावर तुमचे तज्ज्ञ लाईनवर आले. सगळं ऐकून म्हणाले, 'सर, तुमच्या पार्टीला सांगा ना, बिल एकरकमी भरायला.' मला वाटलं पावसामुळे लाईन खराब आहे, म्हणून पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. वर पुस्ती, 'पार्शल पेमेंट ही तुमची बिझनेस प्रॅक्टिस आहे, बग नाही.' मी म्हटलं, अहो, कोकणात गणपतीपर्यंत उधारी सुटत नाही, आंब्याचा पैसा कोणी एकदम देत नाही. मी सॉफ्टवेअर बदलू की गिऱ्हाईक? उत्तर आलं, 'ओके सर, तिकीट क्लोज करतोय, रेटिंग द्या.' रेटिंग! इथे गाऱ्हाणं घालायला आमची ग्रामदेवता आहे, ती निदान एका नारळात ऐकून घेते.

काय हवंय ते सरळ लिहितो. टॉलरन्स रुपयांत घ्या, आणि त्याहून जास्त फरक असेल तर बिल उघडं ठेवून आलेली रक्कम त्यात जमा दाखवा. आधी पार्टी आणि बिल नंबर जुळवा, रक्कम नंतर. नुसत्या रकमेवर जुळलं तर आपोआप पोस्ट करू नका, माणसाला विचारा. पार्टी कळली पण बिल कळलं नाही, तर पैसे त्या पार्टीच्या खात्यावर जमेस ठेवा. आज ते सस्पेन्समध्ये लोळतात, आणि पैसे भरलेल्याच माणसाला तुमची सिस्टीम तगाद्याचा मेसेज पाठवते. मागच्या महिन्यात तीन जणांची माफी मी मागितली, तुम्ही नव्हे.

आणि पुन्हा सांगतो, ते अडीच टक्के तुमच्या माणसाने भरलेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवं. नाही आलं तर एएमसी भरणार नाही, आणि आमच्या एमआयडीसीत तुमचा सेल्सवाला पुढच्या वेळी आला की मी स्वतः त्याच्यासोबत दारोदार फिरेन, राउंड ऑफ खात्याचा प्रिंट हातात घेऊन. पाच वर्षांपूर्वी तुमचं नाव मीच चार जणांना सुचवलं होतं.

आपला,
(अजूनपर्यंत) ग्राहक

सोबत: राउंड ऑफ खात्याचा उतारा, पाच तिकिटांचे नंबर