काकू, तुम्ही 'न'कार दिलात म्हणून थँक्यू

काकू, टेफ कॅनडा या फ्रेंचच्या परीक्षेचं स्पीकिंग झालं. निकाल यायचाय, पण तोवर थांबवत नाहीये म्हणून आत्ताच लिहितेय.

आधी जिथे भरमसाठ फी भरली त्या क्लासचं काय सांगू, त्यांचं स्पीकिंग म्हणजे प्रश्नांची पीडीएफ, पाठ करा आणि या. आणि ऑनलाइन 'प्रॅक्टिस पार्टनर हवा' म्हणणारे सगळे पहिल्या बोंजूरनंतर गायब! मग मी मोबाईलवर स्वतःलाच रेकॉर्ड करत बसायचे. त्याने उच्चार कळतात, अडखळणं कळतं, पण समोरचा काय उत्तर देईल ते आपल्याला आधीच माहीत असतं ना, तिथेच सगळं फसतं.

तुमच्याबरोबर पहिल्यांदा सेक्शन ए केलं तेव्हाच ते लक्षात आलं. पाच मिनिटं, जाहिरात वाचून फोनवर माहिती विचारायची, आदरार्थी 'वू' म्हणत. भाड्याच्या घराची जाहिरात होती. मी भाडं विचारलं, तुम्ही रक्कम सांगून सहज म्हणालात की वीज-पाणी वेगळं. माझा पाठ केलेला पुढचा प्रश्न काय, तर वीज-पाणी धरून का! तुम्ही नुसतं म्हणालात, "मादाम, आत्ताच सांगितलं." त्यानंतर मी यादी बाजूला ठेवली आणि उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढायला लागले, म्हणजे वेगळं तर साधारण किती येतं, हिवाळ्यात हीटिंगचं वाढतं का, असं.

पण खरी गोष्ट सेक्शन बीची. दहा मिनिटं मैत्रिणीला 'तू' म्हणून पटवायचं, आणि परीक्षक हरकती काढत राहतो. बाकी कोणीही असतं तर दोन वाक्यांत "हो हो, येते" म्हणून मला सोडलं असतं. तुम्ही शनिवारच्या बागकामाला यायला काही केल्या तयार नाही. गुडघे दुखतात, मग ऊन फार, मग मला तिथे ओळखतं कोण. मी शब्द शोधत गप्प झाले तर तुम्हीही गप्प, शब्द पुरवला नाहीत, घड्याळ बघितलं नाहीत, नुसत्या थांबलात. काकू, त्या थांबण्यात मला पहिल्यांदा "आताँ, कॉमाँ दीर..." म्हणून वेळ काढता आला आणि मग "ज काँप्राँ, मे..." म्हणत तुमचे गुडघे मान्य करून बसून करायची कामं सुचवता आली. नाहीतर मी हरकत ऐकूनच न घेता नवीन फायदा सांगत सुटायचे.

परीक्षेत बाईंनी पैशांची हरकत काढली, आपल्याकडे ती आलीच नव्हती. तरी सुचलं काहीतरी, थांबून.

एवढी वर्षं अकरावी-बारावीच्या मार्कांसाठी फ्रेंच घेणाऱ्या पोरांना शिकवून रिटायर झालात, त्यात शेजारच्या मुलीसाठी रोज संध्याकाळी हट्टी मैत्रीण व्हायचं काही कारण नव्हतं. पैसे घेत नाही म्हणालात, ठीक आहे. रविवारी पुरणपोळी घेऊन येतेय, तिला मात्र 'नों' चालणार नाही, कितीही हरकती काढा!