अँबू बॅगची परीक्षा तोंडी घेऊन काय कळणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र आलं होतं की अँब्युलन्सवर दहा-दहा वर्षं काम केलेल्या इएमटी आणि पॅरामेडिकला दर दोन वर्षांनी परत प्रॅक्टिकल द्यायला लावणं म्हणजे त्यांचा अपमान आहे, ऑनलाइन तास भरून सर्टिफिकेट रिन्यू करून द्या, विषय संपला. मी स्वतः आधी गाडीवर होतो आणि आता रिसर्टिफिकेशनच्या प्रॅक्टिकलला एका स्टेशनवर उभा असतो, म्हणून लिहितोय. त्यांचा वैताग मला समजतो. पण उपाय चुकीचा वाटतो, कारण प्रॅक्टिकलमध्ये जी गोष्ट खरंच बघायला हवी ती आम्ही परीक्षकच नीट बघत नव्हतो.

एकच स्टेशन घेतो, अँबू बॅगचं, म्हणजे तोंडावर मास्क धरून हाताने पिळून पेशंटला श्वास देतात त्या बॅगचं. सगळ्यांना सगळ्यात सोपं वाटणारं. सीन असा असतो की पेशंट बेशुद्ध आहे, नाडी लागतेय, पण श्वास मिनिटाला जेमतेम चार. मोठ्या माणसाला अशा वेळी दर सहा सेकंदांनी एक श्वास द्यायचा, म्हणजे मिनिटाला दहा, प्रत्येक श्वास साधारण एका सेकंदात आणि छाती वर येताना दिसेल इतकाच, म्हणजे 500 ते 600 मिली. आता मोठ्यांची बॅग असते दीड लिटरच्या आसपास. म्हणजे पूर्ण बॅग पिळायची गरजच नसते, अर्ध्याहूनही कमी दाबली तरी पुरते. हे पाठ सगळ्यांना असतं बरं का, लेखी पेपरात कोणी चुकत नाही.

आमची चेकलिस्ट कशी होती ते सांगतो. मास्कचा साइज बरोबर घेतला का, तोंडात एअरवेची नळी टाकली का, ऑक्सिजन जोडून फ्लो सांगितला का, आणि "मी सहा सेकंदांनी एक श्वास देतोय" असं बोलून दाखवलं का. बोललं की टिक! साध्या मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, हवा किती गेली ते काही दिसत नाही, छाती थोडी हलली की परीक्षकाचं समाधान. मी अशा कित्येक शीटवर सही केलेली आहे आणि आज त्याचं वाईट वाटतं.

मग आमच्याकडे हवा मोजणारा मॅनिकिन आला. त्यावर पहिल्याच दिवशी एक सहकारी बसले, अकरा वर्षं गाडीवर, हात अतिशय शांत, नव्या मुलांना तेच शिकवतात. त्यांनी नेहमीसारखं एका हाताने मास्क धरला, दुसऱ्या हाताने बॅग. एका मिनिटात 26 श्वास गेले. काही 250 मिलीचे, काही 850 चे, आणि मिनिट संपायच्या आत पोटात हवा गेल्याचा लाल दिवा लागला. तोंडाने मात्र ते पूर्ण वेळ बरोबर बोलत होते, "सहा सेकंदांनी एक". जुन्या चेकलिस्टवर ते बिनचूक पास झाले असते.

ते निष्काळजी होते असं कृपा करून समजू नका. एका हाताने मास्क धरला की बहुतेक वेळा गालाच्या बाजूने हवा लीक होते, नीट ऐकलं तर फुस्स आवाज येतो, पण गाडीत सायरन आणि इंजिनच्या आवाजात तो कुठला ऐकू येणार. छाती वर येत नाही म्हणून माणूस बॅग जोरात पिळतो, आणि लीक थांबवायला मास्क खाली चेहऱ्यावर दाबतो. तिथेच घोटाळा होतो, कारण दाबल्यावर हनुवटी खाली जाते, जीभ मागे पडते आणि रस्ता अजूनच बंद होतो, मग जोरात मारलेली हवा अन्ननलिकेतून पोटात शिरते. पोट फुगलं की उलटी, उलटी झाली की ती फुफ्फुसात जायची भीती, आणि वर फुगलेलं पोट छातीला खालून ढकलतं त्यामुळे पुढचा श्वास द्यायला आणखी जोर लागतो. शिवाय सारखी हवा भरत राहिलं तर छातीतलं प्रेशर वाढतं आणि हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं, म्हणजे बीपी आधीच पडलेल्या पेशंटचं आपण आणखी पाडतो. घाईचं कारण तर अगदी माणसाचं आहे, आपली स्वतःची धडधड वाढलेली असते आणि हात तिच्या तालावर चालतो.

त्या सहकाऱ्यांना आम्ही नापास करून घरी पाठवलं नाही. स्क्रीन दाखवली, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले परत करू द्या. दुसऱ्या वेळी डोक्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवला, इतका की कान आणि छातीचं हाड एका लेव्हलला यावं. दोन्ही हातांनी मास्क धरला, अंगठे वर आणि बाकीच्या बोटांनी जबडा वर ओढला, म्हणजे मास्क चेहऱ्यावर दाबायचा नाही तर चेहरा मास्कमध्ये उचलायचा. बॅग दुसऱ्याने एका हाताने दाबली आणि मोठ्याने मोजली, "दाब, दोन, तीन, चार, पाच, सहा". मिनिटाला दहा श्वास, सगळे 480 ते 560 च्या मध्ये, लाल दिवा नाही. माणूस तोच, मधे गेली फक्त वीस मिनिटं.

म्हणून माझं म्हणणं आहे की प्रॅक्टिकल बंद करू नका, त्याचं माप बदला. या स्टेशनला बोललेलं धरू नये, दोन सलग मिनिटांत किती श्वास गेले, किती मिलीचे गेले आणि पोटात हवा गेली का एवढंच धरावं. दोघं मिळून बॅग देणं हीच मुख्य पद्धत म्हणून तपासावी, आणि एकट्याने देणं वेगळं तपासावं, कारण गाडी चालू असताना मागे बरेचदा एकच जण असतो. लहान मुलाचा मॅनिकिन पण ठेवा, तिथे दोन-तीन सेकंदांनी एक श्वास लागतो आणि घाईत हे दोन आकडे एकमेकांत मिसळतात, मोठ्या माणसाला मुलाच्या स्पीडने हवा देणारे मी बरेच पाहिलेत.

आणि दोन वर्षांचं अंतर. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदणीतही दोन वर्षांचंच चक्र आहे, इएमटीला 40 तास आणि पॅरामेडिकला 60, पण तास भरले म्हणजे हात शाबूत राहिला असं होत नाही. सीपीआरचा हात ट्रेनिंगनंतर तीन ते सहा महिन्यांत घसरायला लागतो हे आता माहीत असलेलं आहे, मग मास्कचा हात दोन वर्षं कसा टिकेल? तीन महिन्यांतून एकदा, ड्युटी सुरू व्हायच्या आधी, गाडी उभी असते तिथेच दहा मिनिटं सराव ठेवा. मॅनिकिन तिथे आणून ठेवा, माणसांना सुट्टीच्या दिवशी लांब बोलावू नका. त्या वाचकांचा राग बराचसा याचाच असणार, आणि तो रास्त आहे. या दहा मिनिटांचे आकडे नोकरीच्या फाइलला लावू नयेत एवढी मात्र अट हवी, नाहीतर लोक स्क्रीनला घाबरून परत तोंडी उत्तरं द्यायला लागतील.

आमच्या त्या सहकाऱ्यांनी आता गाडीत बॅगच्या पिशवीवर मार्करने मोठा 6 लिहून ठेवलाय, आणि शेजारी एक घडी केलेला टॉवेल कायम असतो.

आपला,
एक इएमटी प्रशिक्षक