आईच्या डाव्या पायाबद्दल

ति. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आईचा डॉपलरचा रिपोर्ट आणि पायाचे फोटो मिळाले. फोनवर आई प्रत्येक गोष्टीला "बरं, बघू" म्हणते आणि मागून बाबा "लघवीची गोळी घेतली तर उतरेल ना सूज?" एवढंच विचारत राहतात, म्हणून लिहून पाठवते आहे. बाबा, मोठ्याने वाचा आणि तिला नको असलेलं गाळू नका.

रिपोर्टमधली कामाची ओळ एकच आहे. घोट्याच्या आतल्या बाजूने निघून जांघेपर्यंत जाणारी कातडीखालची लांब शीर जिथे आतल्या मोठ्या शिरेला मिळते, तिथली झडप मिटत नाही. डॉक्टरांनी आईला उभं करून पोटरी दाबून सोडली, तेव्हा रक्त २.८ सेकंद उलटं खाली आलं. या शिरेत अर्ध्या सेकंदापर्यंत चालतं. आतल्या मोठ्या शिरा मोकळ्या आहेत, त्यांत गुठळी नाही, हे त्याखाली लिहिलंय आणि ते फार बरं आहे.

माणूस स्वस्थ उभा असला की घोट्यापाशी शिरांमधला दाब ८० ते ९० मिलिमीटर असतो, कुणाचाही. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलतात, झडपा ते खाली येऊ देत नाहीत, आणि दाब तिसाच्या आसपास उतरतो. आईच्या पायात वर ढकललेलं रक्त पुन्हा खाली येतं, त्यामुळे चालतानाही दाब म्हणावा तसा उतरत नाही. ओट्यापाशी तासन् तास उभं राहून तू पोळ्यांच्या ऑर्डरी केल्या आहेस, त्याने भर पडली असेल. पण आजीच्या पोटऱ्यांवरही अशाच गाठाळ शिरा होत्या, तेव्हा सगळा दोष पोळ्यांवर नको.

आता बाबांची गोळी. आईच्या अंगात पाणी जास्त झालेलं नाही, पायातल्या दाबाने ते शिरांबाहेर झिरपतंय. लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी आणि क्षार जातील, चक्कर येईल, आणि संध्याकाळी पाय पुन्हा सुजेल. दोन्ही पाय सारखे सुजले असते, धाप लागत असती, तर हृदय आणि किडनी आधी तपासायला सांगितलं असतं. आई, तुझ्या बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिननेही पावलं सुजतात, पण ती सहसा दोन्ही. पुढच्या वेळी डॉक्टरांना विचार. मनाने बंद करू नकोस.

मला सुजेपेक्षा काळजी आहे ती घोट्याच्या वर आतल्या बाजूला पडलेल्या तपकिरी डागाची. ते गजकर्ण नाही. दाबामुळे तांबड्या पेशी शिरांतून बाहेर पडतात, मरतात, आणि त्यांच्यातलं लोह कातडीत साचून राहतं. तो रंग त्याचा. खाज आणि कोंडा त्याच सुजेपायी. बोटाने चेपून बघ, आजूबाजूपेक्षा तिथे कातडी ताठ लागेल. असंच चालू राहिलं तर घोट्यापाशी पाय आवळत जाऊन उलट्या बाटलीसारखा दिसू लागतो. आमच्या ड्रेसिंग विभागात महिनोन् महिने न भरणाऱ्या ज्या जखमा येतात, त्यांतल्या बऱ्याच याच जागी असतात, आणि सुरुवात विचारली तर डास चावला, खाजवलं, एवढीच.

म्हणून मेडिकलवाल्याने दिलेली ती ट्यूब बंद. असल्या मिश्र मलमांत स्टिरॉइड असतं, ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय महिनोन् महिने लावलं की आधीच बिघडलेली कातडी पातळ होते. शिवाय अशा पायाला मलमांचीच अ‍ॅलर्जी फार लवकर होते. साधं बिनवासाचं व्हॅसलीन लाव, तेही रात्री, कारण त्याने मोज्याचं इलॅस्टिक खराब होतं.

मोजे म्हणजे दाबाचे मोजे. बाबा, तुम्ही बांधलेलं क्रेप बँडेज फोटोत पाहिलं. गुडघ्याखाली करकचून आणि घोट्याला सैल, म्हणजे हवं त्याच्या नेमकं उलट. दाब घोट्यापाशी सर्वांत जास्त आणि वर कमी होत जायला हवा, आणि चांगला मोजा तसाच विणलेला असतो. आईला गुडघ्यापर्यंतचा क्लास २ सांगितलाय. पाकिटावरचा आकडा मात्र बघा, २३ ते ३२ मिलिमीटर हवा. कंपनीगणिक क्लासचे आकडे थोडे बदलतात. माप सकाळी उठल्या उठल्या घ्या, सूज उतरलेली असताना: घोट्याच्या वर सर्वांत बारीक जागी, पोटरीच्या सर्वांत जाड जागी, आणि टाचेपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत लांबी.

घालायचाही सकाळीच, चहाच्या आधी. मोजा टाचेपर्यंत उलटा करून पाऊल आत सरकवायचं, टाच जागेवर बसवायची, मग भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून तळहातांनी वर चोळत न्यायचा. वरची कड धरून ओढायची नाही. उरला तर दुमडायचा नाही. दुमडीखाली दाब दुप्पट होऊन पाय आवळतो. हे काम बाबांचं, आईला वाकून जमणार नाही. झोपताना काढायचा. बोटं गार किंवा निळी पडली, बधिर झाली, तर लगेच काढायचा आणि मला फोन. दोन जोड घ्या, धुऊन सावलीत वाळवा, सहाएक महिन्यांनी बदला, कारण ताण गेलेला मोजा साधा मोजाच असतो.

आईच्या घोट्याचं बीपी १२८ आणि दंडाचं १३२ आलंय. भागाकार ०.९७, म्हणजे खाली रक्त नेणाऱ्या धमन्या ठीक आहेत, मोजा चालेल. हा आकडा ०.८ च्या खाली असला तर पुरा दाब देत नाहीत, आणि ०.५ च्या खाली मुळीच नाही, कारण आधीच कमी येणारं रक्त मोजा आणखी अडवतो. म्हणून बाबा, "मलाही एक जोड माग" हे विसरा. तुमची पोटरी चढावर चालताना भरून येते आणि थांबलं की दोन मिनिटांत सुटते. हे शिरांचं लक्षण नाही, धमन्यांचं वाटतं. त्यात तुम्हाला मधुमेह. धमन्या कडक होऊन घोट्याचा आकडा खोटाच चांगला येतो. तुमच्या पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला लावा. तोवर आईचा मोजा घालून बघायचा नाही, गंमत म्हणूनही नाही.

मोज्याने झडप दुरुस्त होत नाही, घातला आहे तोवर काम करतो. म्हणून लेझरने ती शीर बंद करायचं डॉक्टरांनी सुचवलं ते मला पटतंय. "शीर जाळली तर रक्त जाणार कुठून?" असं आई विचारते. पायातलं बहुतेक रक्त आतल्या शिरांतूनच वर जातं आणि तुझ्या त्या मोकळ्या आहेत. उलटं वाहणारी शीर बंद झाली की भार कमीच होतो. जागा बधिर करून करतात, त्याच दिवशी चालवतात. पुढे दुसरी शीर फुगू शकते, हेही खरं.

फुगलेल्या शिरेतून कधी रक्ताची धार लागली तर आईला आडवं करा, पाय उशांवर उंच ठेवा आणि स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं न उचलता दाबून धरा. खुर्चीत बसवून ठेवू नका. आणि पोटरी अचानक सुजून दुखू लागली, गरम लागली, तर त्याच दिवशी दवाखाना. सोबत धाप किंवा छातीत दुखणं असेल तर थेट हॉस्पिटल.

लेझरची तारीख शक्यतो गुरुवारची घ्या, मला शुक्रवार-शनिवार जोडून रजा मिळते. मापं आजच कळवा, मोजे मी इथून घेऊन पाठवते.

तुमची,
सुमा